बसच्या लेनमधली आमची बस

आमच्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात राखीव जागेचा अर्थ आम्ही एसटीत शिकलो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर "आमदार" असं रंगवलेलं असायचं. नोकरीची पहिली बारा वर्षं मी मुरबाडहून सरळगाव, किन्हवलीमार्गे शहापूरला रोज एसटीने गेले. पाटबंधारे खात्याच्या उपविभागात कनिष्ठ लिपिक होते. त्या बारा वर्षांत त्या सीटवर कोंबड्या बसल्या, भाताच्या रोपांच्या मुठी बसल्या, म्हसा गावच्या जत्रेहून परतणारी चार-चार पोरं बसली, आणि मीही कित्येकदा बसले. आमदार एकदाही आले नाहीत. सगळ्यांना नियम पाठ होता : ज्याची जागा तो येईपर्यंत ती आपली, तो आला की उठायचं.

अपंगांच्या सीटचं तसंच, बायकांच्या सीटचंही तसंच. एखादा दांडगा गडी "स्त्रियांसाठी"खाली पाय पसरून बसलेला असायचा. मी समोर जाऊन उभी राहिले की म्हणायचा, "बसा ना ताई, आमी काय नाय म्हनतोय काय?" आणि उठायचा. भांडण नाही, दंड नाही. कंडक्टरही मान वर करून बघायचा नाही. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला "राखीव" हा शब्द दिसला की तो घाबरत नाही. जागा रिकामी आहे का, एवढंच बघतो.

पुण्यात आमची फजिती झाली ती याच शिकवणीमुळे. ते वर्ष दोन हजार सात होतं. पुण्याच्या सातारा रस्त्यावर बससाठी वेगळी लेन होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्हाला तिचा पत्ताही नव्हता.

माझी बहीण धसईला दिलेली. तिची मोठी मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगला अर्ज केला. पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीत नाही. मग पत्र आलं की प्रतीक्षा यादीत दुसरा क्रमांक आहे, शेवटची फेरी अमुक तारखेला, सकाळी अकरा वाजता नावं पुकारली जातील, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, गैरहजर उमेदवाराची जागा पुढच्या क्रमांकाला देण्यात येईल. संस्था पुण्यात, कात्रजच्या अलीकडे, एका मोठ्या दवाखान्याच्या आवारात. पत्र बहिणीने मला वाचायला दिलं, कारण घरात सरकारी मराठी वाचणारी मीच. मी तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

माझे मेहुणे सज्जन आहेत, पण त्यांचं ठरलेलं होतं. ते म्हणाले, "या साली झाला तर झाला. पुढल्या साली परत हीच येरझार मी नाय करायचो. ती पन घरात बसून काय करंल?" म्हणजे पुढे काय होणार हे सगळ्यांनाच कळत होतं. पोरीला तर सगळ्यात जास्त. तिने फक्त फाइलला प्लास्टिकची पिशवी घातली, वर दुसरी घातली.

जाण्याची सोय माझ्या दिराने केली. त्यांची सतरा सीटची छोटी गाडी होती. लग्नाची वऱ्हाडं, सहली, अष्टविनायक असली भाडी करायचे. त्या दिवशी दुपारी त्यांना कात्रजहूनच एका कुटुंबाला मुरबाडला आणायचं होतं, जाताना गाडी रिकामी होती. आम्ही दोघी, भाची आणि मी, तिच्यात बसलो. सतरा सीटांत आम्ही दोघी आणि एक स्टेपनी.

पहाटे निघालो. टोकावड्याला चहा घेतला. माळशेज घाटात धुकं एवढं होतं की दिरांनी एका एसटीचे मागचे लाल दिवे धरले आणि वर पोहोचेपर्यंत सोडले नाहीत. "यष्टीच्या मागं ऱ्हायला का मानूस चुकत नाय," ते म्हणाले. आळेफाटा, नारायणगाव वेळेत झालं. चाकणला मात्र पाऊण तास गेला, मोठमोठे ट्रेलर आडवे. शिवाजीनगर मागे पडून स्वारगेटला पोहोचलो तेव्हा माझ्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"किती राह्यलं?" मी विचारलं.

"पाच किलोमीटर असंल. धा मिंटांचं काम."

दहा मिनिटांनी आम्ही स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर होतो. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, दोन्ही बाजूंना स्कूटर. एक मोटारसायकलवाला आमच्या आरशात स्वतःचा भांग बघत होता. भाची फाइल छातीशी धरून सरळ समोर बघत होती. ती लहानपणापासून अशीच. भीती वाटली की बोलणं बंद.

आणि आमच्या उजव्या हाताला, रस्त्याच्या मधोमध, काँक्रीटची एक अख्खी लेन मोकळी पडली होती. दोन्ही बाजूंना कठडे. झाडून ठेवलेल्या अंगणासारखी स्वच्छ. इकडे शेकडो माणसं एकमेकांच्या धुरात उभी, आणि तिकडे चिटपाखरू नाही. मधूनच एक शहरातली बस त्यातून सुळकन निघून गेली.

पुढच्या चौकात लेनच्या तोंडाशी पाटी होती. मी वाचली. लिपिक आहे, पाटी दिसली की वाचतेच. "फक्त बससाठी."

"वैनी," दीर म्हणाले, "बससाठी लिवलाय. आपली बसच हाय ना?"

मी गाडीचे कागद पाहिले होते. विम्याचा अर्ज दर वर्षी मीच भरून द्यायचे. वाहनाचा प्रकार : बस. तसं छापलेलंच होतं.

"आन् राखीव हाय म्हून कुनी येऊन बसलाय असंबी नाय," ते पुढे म्हणाले. "रिकामीच पडलीये. मोठी बस आली का सरकू बाजूला."

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. मला वाटतं, मी त्या वेळी फक्त "हं" म्हणाले. दिरांनी नंतर सगळ्यांना सांगितलं की वहिनींनी सांगितलं म्हणून घातली. ते खोटं नाही. माझा "हं" म्हणजे घरात मंजुरीच असते.

आत शिरलो आणि खरंच सांगते, फार बरं वाटलं. गाडी पळायला लागली. डाव्या बाजूच्या गाड्या मागे पडत होत्या. भाचीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "मावशी, पोचू गो आपन," ती म्हणाली.

पुढचा सिग्नल लाल होता. थांबलो. आणि मग लक्षात आलं की आम्ही नेमके बसथांब्याच्या फलाटाला लागून उभे आहोत. या लेनमध्ये थांबाही रस्त्याच्या मधेच, लेनला चिकटून होता. लोक चालत्या गाड्यांमधून रस्ता ओलांडून तिथे येऊन उभे राहिलेले. पंधरा-वीस माणसं असतील. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिलं, आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढे होऊन आमचा दरवाजा उघडला आणि एक पाय आत टाकला.

"कात्रज जाईल ना?"

"जाईल," दीर सवयीने म्हणाले.

"अहो नाही," मी म्हणाले, "ही भाड्याची गाडी आहे, बस नाही."

"मग बसच्या लेनमध्ये काय करताय?" म्हातारा म्हणाला. पाय आतच.

त्याच वेळी मागून हॉर्न आला. साधा नाही. ड्रायव्हरने तळहात दाबून धरल्यावर येतो तो. मागे शहरातली मोठी बस येऊन उभी होती, दाबून भरलेली. आम्ही थांब्याच्या जागेत उभे, म्हणून तिला थांब्याला लागता येत नव्हतं. फलाटावरची माणसं तिच्यात चढू शकत नव्हती, आतली उतरू शकत नव्हती.

आता नियमाप्रमाणे उठायचं होतं. ज्याची जागा तो आला होता. दिरांनी डावीकडे पाहिलं, कठडा. उजवीकडे पाहिलं, कठडा. समोर लाल दिवा आणि आडवी वाहतूक. मागे बस. एसटीतल्या सीटवरून माणूस उठून दांड्याला धरून उभा राहतो. इथे उठून उभं राहायला जागाच ठेवलेली नव्हती.

"आता?" दीर म्हणाले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

मागच्या बसच्या खिडक्यांतून माणसं डोकावायला लागली. पुण्याची माणसं ओरडत नाहीत, टोचून बोलतात.

"वऱ्हाड चुकलंय वाटतं!"

"नवरदेव कुठंय? पुढं बसवलाय का?"

पहिल्याच खिडकीत पांढऱ्या साडीतली एक बाई होती, माझ्याच वयाची. तिचा आवाज सगळ्यांच्या वर. "ओ ताई! पाटी वाचता येत नाही का? का वाचून आलात?"

वाचून आले होते. हेच तर दुखणं होतं.

तोपर्यंत वाहतूक शाखेचे हवालदार चौकातून चालत आले. पन्नाशीचे, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर सकाळपासूनचा धुरळा. त्यांनी आधी गाडीचा नंबर पाहिला.

"एमएच झिरो फाइव्ह. कल्याण?"

"मुरबाड, साहेब."

"मुरबाडला बसची लेन नाही?"

"मुरबाडला लेनच नाय, साहेब. एकच रस्ता हाय."

हवालदार हसले नाहीत, पण मिशी हलली. "लायसन्स."

दिरांनी लायसन्स दिलं आणि गाडीचे कागदही पुढे केले. "साहेब, पाटीवर फक्त बस लिवलाय. इथं बघा, वाहनाचा प्रकार बस. आरटीओनंच दिलाय."

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. हवालदारांनी मात्र कागद नीट वाचला. ते मला आवडलं. न वाचता परत करणारे अधिकारी मी जन्मभर पाहिले आहेत.

"हे कागदाचं नाव झालं," ते म्हणाले. "ही लेन थांब्या-थांब्याला माणसं घेणाऱ्या शहराच्या बसची. त्याशिवाय अँब्युलन्स आणि आगीचा बंब. तुमची वऱ्हाडाची गाडी. लग्नाला नेता, दारात सोडता. तुमच्यासाठी बाजूचा रस्ता. पहिल्यांदा आहे म्हणून शंभर रुपये. परत सापडलात तर तीनशे."

"देतो साहेब, पन जरा पुढं सोडा. या पोरीचा अकराला नाव पुकारनार हायेत."

मग मी खाली उतरले. आयुष्यात फार थोड्या वेळा मी कुणापुढे गयावया केली आहे, ही त्यांतली एक. पत्र पिशवीतून काढलं, पेन्सिलीची रेघ दाखवली. म्हटलं, "साहेब, दंड भरतो. चूक माझी आहे, पाटी मी वाचली होती. पण आम्हाला याच लेनमधून सरळ जाऊ द्या. नर्सिंगची जागा आहे. अकराला हजर नसेल तर पुढच्या नावाला जाईल. बाहेरच्या रस्त्याने आम्ही पोहोचत नाही."

त्यांनी पत्र वाचलं. पत्र वाचायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात मागचा हॉर्न तीनदा वाजला.

"सोडलं तर?" त्यांनी बाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं. तिथल्या सगळ्या स्कूटरवाल्यांच्या माना आमच्याकडे वळलेल्या होत्या. "ते बघताय ना? तुम्हाला सोडलेलं दिसलं की दोन मिनिटांत चाळीस आत घुसतील. प्रत्येकाकडे काहीतरी पत्र असतंच. मग ही बस कुठून जायची?"

भाची गाडीच्या दारात उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते.

हवालदारांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ऑफिसात चुकीच्या खिडकीवर तासभर उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघते.

"बाई," ते म्हणाले, "लेन बसची आहे. बस तुमच्या मागं उभी आहे. बसा की तिच्यात."

इतकं सरळ होतं. पाच तास आम्ही गाडीत बसलो होतो म्हणून पुढचे तीन किलोमीटरही गाडीतच बसायला हवं, असं मी धरून चालले होते. दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

पुढे सगळं एका मिनिटात झालं. सिग्नल हिरवा झाला. हवालदारांनी शिट्टी वाजवून डावीकडची वाहतूक अडवली, दिरांची गाडी चौकापर्यंत पुढे काढायला लावली आणि तिथून डावीकडे बाहेर घ्यायला लावली. "त्या झाडाखाली लावा. लायसन्स माझ्याकडं आहे, पळू नका."

"पळतो कुठं साहेब, मला रस्ताच म्हाईत नाय."

बस थांब्याला लागली. हवालदार पुढे होऊन कंडक्टरला म्हणाले, "या दोघींना दवाखान्याच्या गेटला उतरवा. अकराच्या आत."

कंडक्टर वैतागलेला होता. "यांच्यामुळंच चार मिनिटं गेली, आणि आता यांनाच घ्यायचं?"

"तिकीट काढून बसणाऱ्याला नाही म्हणता येतं का तुम्हाला?"

"चढा, चढा," कंडक्टर म्हणाला. "वऱ्हाड आत घ्या रे."

त्या शब्दावर बस हसली. आम्ही दोघी चढलो. तो म्हातारा गृहस्थही चढला आणि मला म्हणाला, "मी आधीच विचारत होतो."

पांढऱ्या साडीतल्या त्या बाईच्या समोरच उभं राहायची वेळ आली. एवढी गर्दी होती की दुसरीकडे जाताच येईना. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"वाचता येतं का?"

"येतं," मी म्हटलं. "वाचूनच घुसलो."

"हे बरं केलंत, खरं सांगितलंत. लोक म्हणतात, पाटी दिसलीच नाही." मग तिची नजर भाचीच्या हातातल्या दोन पिशव्यांतल्या फाइलवर गेली. "कुठं जायचं?"

मी सांगितलं. ती थोडी सरकली आणि भाचीला म्हणाली, "बस इथं, अर्ध्या सीटवर. फाइल मांडीवर ठेव." मग मला म्हणाली, "मी तिथंच आया आहे. अठरा वर्षं. अकराला हजेरीचं कार्ड पंच करावं लागतं. महिन्यात तिसरा लेट झाला की रजा कापतात, आणि दोन झालेत. तुम्ही आणखी पाच मिनिटं तिथं उभ्या राहिल्या असतात ना, तर माझी रजा गेली होती. म्हणून ओरडले."

"ओरडलात ते बरोबरच केलंत."

"बरोबरच होतं," ती म्हणाली.

बस निघाली. खिडकीतून डावीकडे तोच अडकलेला रस्ता दिसत होता. तोच, आरशात भांग बघणारा मोटारसायकलवाला आता इथवर येऊन अडकला होता, मला शपथ घेऊन सांगता येईल. आम्ही त्याच्या शेजारून निघून गेलो. मघाशी आमच्या गाडीतून जाताना हीच लेन मला मोकळी, फुकट पडलेली वाटली होती. आता उभ्याने, दांड्याला धरून, एका बाजूला आया आणि दुसऱ्या बाजूला भाजीची पिशवी असताना कळलं की ती मोकळी ठेवलेली होती. या एका बसमध्ये साठ-सत्तर माणसं असतील. सगळ्यांना अकरा वाजताच कुठेतरी पोहोचायचं असावं असे चेहरे. आमच्यासारख्या सतरा सीटांत तीन माणसं घेऊन फिरणाऱ्या गाड्या आत आल्या असत्या, तर ही बसही बाहेरच्यांसारखीच उभी राहिली असती.

पद्मावती गेलं, बालाजीनगर गेलं. कंडक्टरने तिकिटं दिली. पैसे घेताना भाचीला म्हणाला, "पास झालीस तर पेढे नकोत, इंजेक्शन हळू दे."

"पास नाय, वेटिंगला हाय," भाची म्हणाली. सकाळपासूनचं तिचं दुसरं वाक्य.

"वेटिंगलाच सगळी दुनिया आहे," तो म्हणाला आणि पुढे गेला.

दवाखान्याच्या थांब्यावर उतरलो तेव्हा अकराला आठ मिनिटं कमी होती. थांबा रस्त्याच्या मधोमध, पलीकडे जायला वाहनांच्या रांगा ओलांडायच्या. मी थबकले. आया थबकली नाही. तिने एक हात वर केला, दुसऱ्या हाताने भाचीचं मनगट धरलं आणि चालायलाच लागली. गाड्या थांबल्या. मी मागून धावले.

मोठ्या गेटवर चौकशीची रांग होती. "तिकडं नाही, माझ्या मागनं या," ती म्हणाली. धुण्याच्या खोल्यांमागून, सिलिंडरच्या शेडजवळून, एका जिन्याने वर. जिन्याच्या तोंडाशी तिने भाचीला ढकललं. "उजवीकडं हॉल. पळ." आणि स्वतः पंचिंगकडे उलट्या दिशेने पळाली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

हॉलमध्ये नावं पुकारणं सुरू होणारच होतं. टेबलामागच्या बाईंनी सांगितलं, जागा एकच शिल्लक आहे. प्रतीक्षा यादीतला पहिला क्रमांक पुकारला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारला. मागच्या दाराकडे सगळ्यांनी पाहिलं. तिसऱ्यांदा पुकारला. बाईंनी रेघ मारली आणि भाचीचं नाव घेतलं.

भाची उभी राहिली, पण तिच्या तोंडातून "हजर" निघेना. मी मागून म्हटलं, "हजर आहे."

"तिला म्हणू द्या," बाई म्हणाल्या.

मग ती म्हणाली.

त्या पहिल्या क्रमांकाच्या मुलीचा मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे. कदाचित तिला दुसरीकडे प्रवेश मिळाला असेल. कदाचित ती त्याच रस्त्यावर, बाहेरच्या रांगेत, एखाद्या चांगल्या मोटारीत बसून घड्याळ बघत असेल. आम्हीही अकरा वाजता तिथेच असतो, जर आम्हाला कुणी पकडलं नसतं. हवालदारांनी दया दाखवून गाडी सोडली असती, तरी पुढच्या चौकात दुसऱ्यांनी अडवलंच असतं. त्यांनी सोडलं नाही, याचे उपकार आहेत. सोडलं नाही आणि तिथेच न थांबता वाट दाखवली, याचे जास्त.

कागद तपासून, सह्या होऊन, फी भरायची तारीख घेऊन बाहेर यायला दीड वाजला. भाचीला मी कँटीनमध्ये दोन वडे खायला घातले, कारण ती आता एकदम बोलायला लागली होती आणि उपाशीपोटी बोलणाऱ्या माणसाला चक्कर येते. मग तिथूनच उलट दिशेची बस पकडली. या वेळी पाटी वाचली, थांब्यावर उभ्या राहिलो, तिकीट काढलं, बसलो.

दीर झाडाखाली गाडीच्या पायरीवर बसले होते. हातात दंडाची पावती आणि लायसन्स. "झाला?" त्यांनी विचारलं. भाचीने मान डोलावली. त्यांनी पावतीची घडी केली आणि खिशात ठेवली. "मग शंभर रुपये सत्कारनी लागले," ते म्हणाले. "पन वैनी, एक सांगतो. साहेबांनी नंतर चहा दिला मला. म्हनले, मुरबाडला जाऊन सांगा लोकांना. मी म्हनलो, सांगतो साहेब, पन आमच्याकडं लेन कंदी येनार, ते तुमी सांगा."

पुढे ती पोर शिकली, ठाण्याच्या बाजूला एका दवाखान्यात लागली, आणि आता दोन मुलींची आई आहे. तिच्या धाकट्या बहिणीच्या वेळी माझे मेहुणे कुणी न सांगता स्वतः पुण्याला गेले. हे सगळं त्या एका सकाळमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पोर हुशार होती, तिने मेहनत घेतली. पण त्या सकाळी ती हॉलमध्ये उभी होती, हे मात्र त्या सकाळमुळेच.

निघण्याआधी मला हवालदारांना सांगून यायचं होतं. ते चौकात, लेनच्या तोंडाशी होते. समोर एक स्कूटरवाला हातवारे करत होता. लेनमध्ये घुसताना सापडलेला, आणि हातात कसलासा कागद. हवालदार तो कागद नीट वाचत होते.

मी जवळ गेले. म्हटलं, "साहेब, मिळाली जागा. अकराच्या आत पोहोचलो. तुमच्यामुळे."

त्यांनी कागदावरून मान वर केली. मला ओळखलं. या वेळी खरंच हसले, दात दिसतील एवढे. मी आणखी काही म्हणणार होते. गावाकडची माणसं आहोत, या कधी म्हशाच्या जत्रेला, असं काहीतरी. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

"बाई," हवालदार म्हणाले, "आधी बाजूला व्हा. बसच्या लेनमध्ये उभ्या आहात तुम्ही."